तात्पुरता किंवा कायमचा

मानेवरची गाठ काढण्याच्या छोट्या ऑपरेशनचं इंग्रजी संमतीपत्र सोप्या मराठीत करून द्याल का, असा ठाण्याच्या एका हॉस्पिटलमधून फोन आला, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. नाही म्हणायला हवं होतं. पण डोंबिवलीच्या दोन खोल्यांत एकटीने राहायला लागल्यापासून मी कामाला नाही म्हणत नाही. कामामुळे निदान दिवसाकाठी एखादा फोन वाजतो.

अकरा वर्षांपूर्वी हेच ऑपरेशन ह्यांचं झालं होतं. मानेच्या बाजूला सुपारीएवढी गाठ. ती काढून तपासायची, भूल तेवढ्या जागेपुरतीच, संध्याकाळी घरी. हे शाळेत गणित शिकवायचे. इंग्रजी उत्तम यायचं, पण कपडे बदलताना चष्मा माझ्या पर्समध्ये आला होता. सही करायच्या आधी त्यांनी विचारलं, "काय लिहिलंय गं?" मी दोन्ही पानं वाचली होती. नसेला इजा होऊन हात वर न जाण्याचं कलमही वाचलं होतं. तरी मी म्हणाले, "काही नाही हो, नेहमीचंच." पर्स मांडीवर होती आणि चष्मा पर्समध्ये. आमच्याकडे ही रीतच आहे. पेशंटचं मन खंबीर राहिलं पाहिजे, वाईट ते बाकीच्यांनी गिळायचं.

गाठ साधीच निघाली. उजवा हात मात्र पुन्हा खांद्याच्या वर गेला नाही. उरलेली नोकरी त्यांनी फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागावर लिहून काढली. मागच्या बाकावरची मुलं गणित उतरवायला उभी राहायची, हे त्यांनीच मला हसत सांगितलं होतं. मला कधी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं आता वाटतं. चार वर्षांपूर्वी ते हृदयविकाराने गेले. त्याचा आणि गाठीचा काही संबंध नाही.

तर काम. हॉस्पिटलच्या दोन अटी होत्या. सातवी शिकलेल्या माणसाला कळेल असं मराठी हवं आणि धोक्यांचा मजकूर तसूभर इकडेतिकडे व्हायला नको. सोपं म्हणजे गोड, अशी पुष्कळांची समजूत असते आणि ती ऐकली की माझं डोकं फिरतं. मुळात 'होऊ शकतं' असेल तर 'होतं' लिहायचं नाही आणि 'सहसा होत नाही'ही लिहायचं नाही. मूळ फॉर्ममध्ये धोक्यांच्या पायऱ्या ठरलेल्या होत्या. नसेची इजा ज्या पायरीवर होती, तिचा अर्थ शंभरातल्या एकाहून कमी जणांना, पण हजारातल्या निदान एकाला. तिथे नुसतं 'क्वचित' लिहिलं की प्रत्येक जण आपापल्या धीराप्रमाणे अर्थ काढणार. म्हणून मी आकडेच शब्दांत लिहिले. 'मज्जातंतू' काढून 'मानेतून खांद्याकडे जाणारी, हात वर उचलायला मदत करणारी नस' असं केलं. काम झाल्यावर माझ्यावर मीच खूश होते. दुसरं होणार तरी कोण.

अशा कामात भाषांतरकाराच्या शब्दावर कोणी विसंबत नाही आणि ते योग्यच आहे. मूळ मजकूर न पाहिलेला दुसरा माणूस ते मराठी पुन्हा इंग्रजीत करतो. मग मूळ, मराठी आणि उलट केलेलं इंग्रजी असे तीन रकाने शेजारी लावून ताडून बघतात. आठवड्याने ती फाइल आली. एकच चौकोन पिवळा केलेला होता. पाठोपाठ हॉस्पिटलमधल्या मुलीचा फोन आला.

"मॅडम, बॅक ट्रान्सलेशनमध्ये पर्मनंट दिसत नाहीये. त्यांच्याकडून सुटलंय की आपल्याकडून?"

त्यांच्याकडूनच, असं मी मनात म्हटलं. हल्लीची माणसं एक डोळा मोबाइलवर ठेवून काम करतात. तरी पाहून सांगते म्हणाले आणि मधला रकाना वाचला. मुळात होतं की हा त्रास तात्पुरता किंवा कायमचा असू शकतो. मी लिहिलं होतं, 'हा त्रास तात्पुरता असू शकतो.' बस, एवढंच. तीस वर्षांत माझ्या हातून ओळ सुटली नव्हती. दोनदा तपासलेल्या मजकुरात तो एक शब्द मी दोन्ही वेळा गाळून पुढे गेले होते आणि मला कळलंही नव्हतं.

"माझ्याकडून," मी फोनवर सांगितलं. ती बिचारी "होतं असं कधीकधी," म्हणाली. मला रडू फुटलं ते फोन ठेवल्यावर. हे कुणाला सांगायचं? ज्यांना सांगायला हवं होतं ते भिंतीवर फोटोत. शब्द घातला, फाइल परत पाठवली आणि त्या दिवशी जेवलेच नाही. एकट्या माणसाचा हा एक फायदा, का जेवली नाहीस म्हणून विचारायला कुणी नसतं.

पुढची पायरी साध्या माणसांकडून वाचून घेण्याची. ती बघायला मी हट्टाने ठाण्याला गेले. कोपऱ्यात गप्प बसायच्या बोलीवर त्यांनी मला बसू दिलं. तपासायला आलेली पहिली बाई आंबिवलीची, घरोघरी पोळ्या करणारी, आठवीपर्यंत शिकलेली. ती पेशंट नव्हती, नुसती वाचायला आली होती. 'समजलं का' असं तिथे विचारत नाहीत, कारण त्यावर सगळेच हो म्हणतात. तुमच्या शब्दांत सांगा, असं म्हणतात. ती ओळीखाली बोट धरून सावकाश वाचत गेली आणि मग म्हणाली, "गाठ काढताना ती नस दुखावली तर हात वर जायचा नाय. शंभरात एकाहून कमी लोकांचं होतं, पण हजारात एकाचं तरी होतं. कुणाचा हात बरा होईल, कुणाचा कधीच नाय."

मग तिने पान उलटलं. तिथे दुसरे मार्ग दिले होते. आधी सुईने नमुना घेऊन पाहणं, किंवा डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आठवडे थांबणं. ते वाचून ती आपणहून म्हणाली, "मी आधी विचारीन, सुईनं भागतंय का. नाय भागलं तर करीन ऑपरेशन. पण विचारीन तरी."

मला गप्प बसवेना. "भीती नाही वाटली वाचून?" मी विचारलं. हॉस्पिटलमधल्या मुलीने माझ्याकडे पाहिलं.

"वाटली ना," ती बाई म्हणाली. "पण हात माझा आहे, काकू."

त्यानंतर आणखी काही जणांनी वाचलं. फॉर्म तसाच पक्का झाला. शेवटी भाषांतरकाराने एक दाखला द्यायचा असतो, की मूळ मजकुरातलं काहीही वगळलेलं नाही आणि पदरचं काही घातलेलं नाही. तो मी तिथेच सही करून दिला. त्या दाखल्यात खोटं काही नव्हतं.

घरी आल्यावर लोखंडी कपाटातून ह्यांची जुनी फाइल काढली. अकरा वर्षांत उघडली नव्हती. संमतीपत्र वरच होतं. ते कलम, तो शब्द, सगळं जागच्या जागी. सुईने नमुना घेण्याची ओळसुद्धा होती. ती मी तेव्हा वाचली होती की नाही, हे मला खरंच आठवत नाही. ह्यांनी विचारलं असतं का? गणिताचा माणूस, दुसरी रीत आहे का हे विचारल्याशिवाय कधी राहिला नाही.

पानाच्या तळाशी इंग्रजीत छापलं होतं, की हे सगळं मला समजेल अशा भाषेत समजावून सांगण्यात आलं आहे. त्याखाली ह्यांची सही, चष्म्याविना केलेली, ओळ सोडून जरा वर गेलेली. आणि तिच्या शेजारी, समजावून सांगताना हजर असलेल्या साक्षीदाराच्या जागी, स्वच्छ अक्षरात माझी.