अठ्ठावीस की अडतीस

शिरपूरच्या हॉस्टेलवर तिसऱ्या वर्षाला मला आमच्या मजल्यावर सगळ्या जणी 'शहाणे' म्हणून हाक मारायच्या, आणि हे नाव मला कौतुकाने पडलंय असा माझा कितीतरी दिवस समज होता. माझी आई धुळ्याच्या एका शाळेत गणित शिकवते. आकडेमोड म्हटली की आपल्याशिवाय पान हलत नाही, हा गैरसमज माझ्यात तिच्याकडून आला असावा. तिला तो शोभतो. मला नाही शोभला.

माझ्या खोलीत माझ्याबरोबर राहायची ती जळगावच्या एका शिंप्याची मुलगी. दोघी इलेक्ट्रिकलला. अंगाने बारीक, बोलायला हळू, आणि एकदा नाही म्हणाली की ब्रह्मदेव आला तरी तिचं हो होत नसे. पहिल्या वर्षी आम्हाला एकमेकींचं काहीच पटलं नाही. दुसऱ्या वर्षी खोली बदलून मिळत होती, तर दोघींनीही अर्ज केला नाही.

त्या पाचव्या सेमिस्टरला तिचं सगळं लक्ष एकाच गोष्टीवर होतं. दीपनगरच्या वीज केंद्रात चार आठवड्यांचं ट्रेनिंग होतं. नावं कॉलेजकडून जायची आणि अट एकच, मशीन्सच्या विषयात बी किंवा त्याच्या वरची ग्रेड. तिची खाला, म्हणजे मावशी, दीपनगरच्या कॉलनीत राहते. पुण्या-मुंबईला कुठे एकटीने राहायला तिच्या घरून परवानगी मिळणं शक्यच नव्हतं, पण खालाकडे राहून ट्रेनिंग करायला तिचे अब्बा तयार होते. ते एकदा झालं, की घरी नोकरीचा विषय काढता येईल असं तिचं गणित होतं. नाही झालं, तर पुढच्या वर्षी डिग्री आणि मग स्थळं. हे ती रडून वगैरे नाही सांगायची. मेसच्या ताटात डाळ वाढून घेताना सांगितलं होतं.

"आपण दोघी जाऊ," मी तेव्हा म्हणाले होते. मला ट्रेनिंगचं एवढं अप्रूप नव्हतं. बोलून गेले आणि विसरले.

आमचं कॉलेज स्वायत्त, त्यामुळे ग्रेड कॉलेजच ठरवायचं. मशीन्सच्या सरांनी पहिल्याच तासाला कागद वाटला होता. सेमिस्टरभरातल्या परीक्षांचे चाळीस, शेवटच्या पेपरचे साठ, एकूण शंभर. बीसाठी साठ हवेत. खाली एक ओळ होती : वर्गाची सरासरी फार खाली आली तर कटऑफ खाली आणता येतील, वर नेले जाणार नाहीत. ह्याला आम्ही सगळे 'कर्व्ह' म्हणायचो. आदल्या वर्षी पेपर भयंकर निघाला होता, वर्ग आडवा झाला होता आणि सरांनी बीची रेषा साठावरून पन्नासावर आणली होती. ही गोष्ट सीनियर मुलींनी आम्हाला इतक्या वेळा सांगितली की त्या साठाचा पन्नास झालाच आहे, असं सगळ्या धरून चालल्या.

त्यात सगळ्यात पुढे मी.

परीक्षेच्या आधीची सुट्टी लागली तेव्हा तिचे चाळीसातले बावीस होते, माझे चोवीस. तिने कपाटाच्या दाराला कागद चिकटवला आणि त्यावर मोठ्या अक्षरात अडतीस लिहिलं. साठ वजा बावीस.

"अडतीस कशाला?" मी म्हणाले. "पन्नास धर. अठ्ठावीस पुरेत. पाच युनिट आहेत, प्रत्येकी बारा मार्कांची. तीन युनिट नीट कर, छत्तीस मार्कांचं येतं, त्यात अठ्ठावीस कुठे जात नाहीत. चौथं, सिंक्रोनस मशीनचं, सोडून दे, तो राक्षस आहे."

"पन्नास कोणी सांगितलं?"

"मागच्या वर्षी पन्नासच होतं."

"ते मागच्या वर्षी."

मला राग आला. खरं बोलणाऱ्या माणसाचा मला फार लवकर राग येतो. मी कागदावर टेकडीसारखी रेघ काढून तिला सरासरी म्हणजे काय, वर्ग कसा पसरतो, रेषा कशी सरकते, सगळं समजावलं. तिने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हे सगळं बाकीच्यांना किती पडतात त्यावर आहे ना? मग मला आज कसं कळणार?"

आता इथे गप्प बसायला हवं होतं. पण मला त्यावरही उपाय सुचला, आणि तो इतका हुशारीचा होता की आठवलं की आजही कान गरम होतात. बाकीच्यांना किती पडतील हे कळत नाही ना, मग ते आपणच ठरवायचं! मजल्यावर आमच्या वर्गाच्या अकरा जणी होत्या. दुपारी सगळ्यांना आमच्या खोलीत बोलावलं. शेव आणि कांदा मध्ये ठेवून मी ठराव मांडला : शेवटची दोन युनिटं कोणीच करायची नाहीत. सगळ्यांचे मार्क एकदम पडतील, सरासरी खाली येईल, सरांना रेषा खाली आणावीच लागेल. अभ्यास निम्मा, ग्रेड तीच. माझ्यासकट दहा जणींचं ठरलं.

तिने मान डोलावली नाही. कोपऱ्यात बसून म्हणाली, "वर्गात सत्तर जण आहेत."

"मुलं काय अभ्यास करतायत!" कोणीतरी म्हणालं आणि विषय संपला. त्यानंतर तीन दिवस तिला मजल्यावर फितूर म्हणायचे. थट्टेतच, पण तिने चौथं युनिट उघडलं की कोणी ना कोणी दारातून डोकावून म्हणायचं, हिच्यामुळे आपली सरासरी वर जाणार. शेवटी एके दुपारी ती पुस्तक मिटून बसली. मी ती संधी साधली. तिच्या डोळ्यांदेखत कपाटावरचं अडतीस खोडलं आणि अठ्ठावीस लिहिलं. मला वाटलं, चला, पटलं एकदाचं.

संध्याकाळी ती चप्पल घालून विभागात गेली. मीही मागोमाग गेले, कारण ती सरांना आमच्या ठरावाचं सांगेल अशी मला भीती वाटली. तिने तसलं काही सांगितलं नाही. एवढंच विचारलं, "सर, ह्या वर्षी बी किती धरून चालू?"

सर पेपर सेट करून बसलेले. चष्मा वर सरकवून म्हणाले, "बेटा, मलाच माहीत नाही. सगळे पेपर तपासून होईपर्यंत कोणालाच माहीत नसतं. तू साठ धर. मी रेषा खाली आणली तर तुझं काही नुकसान नाही, कदाचित वरची ग्रेड मिळेल. नाही आणली तर तू सुरक्षित आहेस. पन्नास धरलंस आणि मी हललो नाही, तर मग?" मग माझ्याकडे बघून विचारलं, "तू किती धरलंयस?"

"साठच, सर," मी म्हणाले. खोटं बोलायला मला कधी वेळ लागला नाही.

परत येताना वाटेत ती म्हणाली, "अब्बा सुती कापड आधी पाण्यात टाकतात. वाळलं की जेवढं उरतं तेवढंच मोजून कापतात. गिऱ्हाईक म्हणतं, मागचं कापड आटलं नव्हतं. अब्बा म्हणतात, ते मागचं." खोलीत आल्यावर तिने माझं अठ्ठावीस खोडलं आणि पुन्हा अडतीस लिहिलं. थोडा विचार करून त्याच्यापुढे 'निदान बेचाळीस' असंही लिहिलं. सिंक्रोनस मशीनचं युनिट ती सलग पाच दिवस करत होती, मी पलंगावर आडवी पडून तिला 'अगं, झोपेत पण तेच फिरेल' म्हणून चिडवत होते. एकदा तिने पुस्तक माझ्याकडे सरकवलं. "एवढी दोन गणितं माझ्याबरोबर कर ना." मी केली नाहीत. ठराव माझा होता, मीच कसा मोडणार.

पेपर सरळ निघाला. कठीण नाही, सोपाही म्हणता येणार नाही, अभ्यास केलेल्याला सुटेल असा. बाहेर व्हरांड्यात आमच्याच वर्गातली, डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली मुलं उभी होती. त्यांतला साक्रीकडचा एक दुसऱ्याला अहिराणीत सांगत होता, "बठ्ठा पेपर सोपा शे." म्हणजे सगळाच सोपा. ही मुलं गावी विहिरीवरच्या मोटारी खोलून, आतली तार नव्याने गुंडाळून, पुन्हा शेतावर चालू करून देणारी. मशीन्स हा त्यांचा घरचा विषय. माझ्या टेकडीच्या चित्रात मी त्यांना कुठेच धरलं नव्हतं. मला तिथेच कळलं, पण मी मजल्यावर जाऊन सगळ्यांना म्हणाले, काळजी करू नका.

निकालाच्या दिवशी सरांनी फळ्यावर लिहिलं, वर्गाची सरासरी त्रेसष्ट, कटऑफ कागदावर होते तेच. दहा जणींच्या कटाने सत्तरांच्या सरासरीला ओरखडाही पडला नव्हता. मला पेपरात एकोणतीस होते. चोवीस आणि एकोणतीस, त्रेपन्न. मी धरलेल्या आकड्याहून तीन जास्तच, आणि ग्रेड सी. तिला एकोणचाळीस. एकसष्ट, बी.

मजल्यावर बाकीच्या जणी माझ्याकडे न बघताच आपापल्या खोल्यांत शिरल्या. त्यापेक्षा बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने माझी फजिती करावी म्हणून मी वाट बघत होते, म्हणजे मला भांडता आलं असतं. खोलीत आले तर ती खिडकीशी उभी राहून फोनवर बोलत होती. "हो, पास. हो खाला, बी." मग आवाज खाली आला. "नाही, एकटीच येईन. दुसरी गादी राहू द्या."

तिने फोन ठेवल्यावर मी विचारलं, "कसली दुसरी गादी?"

"खालाने दोन गाद्या भरून घेतल्या होत्या. नव्या कापसाच्या."

"माझ्यासाठी? कधी सांगितलं होतंस तिला?"

"तू मेसमध्ये म्हणाली होतीस ना, आपण दोघी जाऊ. त्याच दिवशी."

ज्या मुलीने सरांच्या दहा मार्कांवर भरवसा ठेवला नाही, मागच्या वर्षावर ठेवला नाही, तिने माझ्या एका वाक्यावर गादी भरून घ्यायला सांगितली होती.

"अगं, पण तेव्हा माझे मार्क किती होते, काय होते, काही तरी हिशोब करायचास की," मी म्हणाले, आणि मला रडूच आलं.

"तुझा कसला हिशोब करायचा," ती म्हणाली, आणि खालाला परत फोन लावून विचारू लागली, की ट्रेनिंग नसलं तरी एक मैत्रीण चार दिवस राहायला आली तर चालेल का.