चार वाक्यांचा नकार

डायलिसिस विभागातल्या सिस्टरला तिथले रुग्ण आपसात 'मोजपट्टी' म्हणत. तेरा वर्षांच्या नोकरीत तिने त्यांच्या पाण्याच्या घोटांचा हिशेब इतक्या निष्ठुर अचूकपणाने ठेवला होता, की हे नाव तिला शोभत होते. "दिवसाला अर्धा लिटर. त्यापुढे थेंब नाही," असे ती सांगे आणि ज्याला सांगितले तो निमूटपणे ऐके. हीच बाई घरी मात्र कोणालाही नाही म्हणू शकत नव्हती. शेजारणीने मिक्सर मागितला की स्वतःचे वाटण पाट्यावर करायची. दिराने सल्ला दिला की तो मानायची. मनुष्य कामाच्या जागी एक असतो आणि घरात दुसरा, या विधानाला याहून चांगले उदाहरण मला मिळालेले नाही.

दोन वर्षे सुट्टीच्या दिवशी टायरच्या दुकानावरच्या एका खोलीत बसून ती जर्मन शिकली. परिचारिकेला जर्मनीत जायचे तर लागते तेवढ्या पातळीची परीक्षा ती पास झाली, आणि एका जर्मन रुग्णालयाने व्हिडिओवर मुलाखत घेऊन तिला नोकरी देऊ केली. रुजू होण्याची तारीख होती एक सप्टेंबर. नेमकी तेव्हाच अडचण उभी राहिली, आणि ती सासूबाईंच्या गुडघ्यात होती. डावा गुडघा बदलून झाला होता, उजवा ऑक्टोबरमध्ये बदलायचा होता. पुढचे सहा महिने त्यांना धरून उठवायला घरात कोणीतरी लागणार होते. नवरा बस चालवायचा, पहाटे निघून संध्याकाळी परतायचा. सिस्टरने ठरवले की यंदा जायचे नाही, पण पुढच्या वर्षी नक्की जायचे. म्हणजे नकार द्यायचा होता, आणि दार लोटायचे नव्हते.

पत्राचे काम थोरल्या दिरांनी, म्हणजे भावोजींनी, अंगावर घेतले. ते सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते, आणि ज्या कागदातून काहीच निष्पन्न होत नाही असा कागद लिहिण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

"नाही हा शब्द पत्रात येता कामा नये," ते म्हणाले. "एकदा नाही लिहिलं की फाइल बंद."

"आणि माझ्या गुडघ्याचं नाव घालू नका," आतून सासूबाई म्हणाल्या. "परदेशात माझी शोभा नको."

"मग कारण काय लिहायचं?" सिस्टरने विचारले.

"किंचित घरगुती व्यत्यय," भावोजी म्हणाले. "किंचित म्हणजे त्यांनाही वाईट वाटायला नको."

दीड पान मजकूर झाला. रुग्णालयाच्या औदार्याचे आभार तीनदा मानले गेले. आपल्याकडे काम करणे हे माझे भाग्यच ठरेल, असे एका ठिकाणी होते. किंचित व्यत्ययामुळे सप्टेंबर जरा जड जाईल असे वाटते, तरी आपण सांभाळून घ्याल अशी आशा आहे, असे शेवटी होते. सिस्टरने शब्दकोश उघडून हे सगळे प्रामाणिकपणे जर्मनमध्ये उतरवले. व्याकरणाची एकही चूक तिने होऊ दिली नाही, आणि संकट तिथेच होते.

चौथ्या दिवशी उत्तर आले. तिकडच्या नेमणूक विभागाच्या बाईंनी लिहिले होते की आपला होकार वाचून आनंद झाला. सप्टेंबर अवघड असल्याचे समजले, म्हणून रुजू होण्याची तारीख एक नोव्हेंबर केली आहे. करार सोबत जोडला आहे. कर्मचारी निवासात खोली राखून ठेवली आहे. सही शुक्रवारपर्यंत यावी, कारण याच जागेसाठी आणखी एका परिचारिकेला थांबवून ठेवले आहे.

भावोजींनी उत्तराचा अर्थ दोनदा समजून घेतला. "माणसं चांगली आहेत," ते म्हणाले. "आता आपण आणखी थोडं नम्र होऊ."

"आणखी नम्र झालो तर विमानाचं तिकीट येईल," नवरा म्हणाला.

सिस्टरला हसू आले नाही. त्या थांबवून ठेवलेल्या बाईचा विचार तिच्या डोक्यातून जात नव्हता. तीही कुठेतरी आपल्या घरच्यांना अजून नक्की नाही असे सांगत बसली असेल. आपल्या संकोचाची किंमत बहुधा तिसराच कोणी मोजत असतो. सौजन्याच्या चर्चेत त्या तिसऱ्याला आपण सहसा बोलावत नाही.

बुधवारी ड्युटी संपवून ती टायरच्या दुकानावर गेली. जर्मन शिकवणाऱ्या बाई पेपर तपासत होत्या. त्यांनी दीड पान वाचले, मग उलटून मागची कोरी बाजूही पाहिली.

"यात नकार कुठे आहे?"

"सगळ्याच पत्रात आहे, बाई."

"एकाही वाक्यात नाही. तू सप्टेंबर जड जाईल म्हणालीस, त्यांनी नोव्हेंबर दिला. त्यांचं काय चुकलं?"

"पण सरळ 'नाही' असं लिहिलं तर पुढच्या वर्षी दारात उभं करतील का?"

बाईंनी पेन खाली ठेवले. "तुझ्या वॉर्डात कोणी जास्त पाणी मागितलं तर त्याला काय सांगतेस?"

"आज नाही म्हणते. आणि मग पुढचं कधी मिळेल ते सांगते."

"त्याला राग येतो?"

"वेळ सांगितली की नाही येत. बघू म्हटलं तर दिवसभर मागत राहतो."

"मग तेच लिही."

तिथेच बसून तिने लिहिले. पहिल्या वाक्यात प्रस्तावाबद्दल आणि नवी तारीख दिल्याबद्दल आभार. दुसऱ्यात, खेद वाटतो, पण कौटुंबिक कारणामुळे मी हा प्रस्ताव स्वीकारू शकत नाही, आणि माझ्या आधीच्या पत्रातून गैरसमज झाला याबद्दल क्षमस्व. तिसऱ्यात, आपल्या रुग्णालयात काम करण्याची इच्छा कायम आहे, पुढच्या वर्षीच्या मे महिन्यापासून मी येऊ शकेन. चौथ्यात, त्या वेळी जागा असेल तर आपण संपर्क साधल्यास आनंद होईल. वर आदरार्थी संबोधन आणि नेमणूक विभागाच्या बाईंचे आडनाव, खाली रीतसर नमस्कार आणि स्वतःचे पूर्ण नाव.

"कौटुंबिक कारण एवढंच? कोणतं ते नको?" तिने विचारले.

"एवढं पुरतं. ते त्याहून जास्त विचारणारही नाहीत."

घरी भावोजींनी पत्र हातात धरून त्याची लांबी डोळ्यांनी मोजली. "ही तार आहे. जरा तरी अंग धरू दे."

"राहू द्या," सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या. "गुडघ्याचे डॉक्टर बघू म्हणत बसले असते तर मी अजून खाटेवर असते. त्यांनी तारीख दिली, मी पाय दिला. पाठव गं."

गुरुवारी सकाळी पत्र गेले. दुपारी वॉर्डात यंत्रांचे आकडे लिहून घेताना सिस्टरने फोन तीनदा पाहिला. एका रुग्णाने विचारले, "मोजपट्टी, आज तुमचं लक्ष कुठंय?" तिने त्याचे पाणी मात्र वाढवून दिले नाही.

शुक्रवारी उत्तर आले. आपला निर्णय कळला, वाईट वाटले, पण स्पष्ट लिहिल्याबद्दल आभार. जागा दुसऱ्या उमेदवाराला देत आहोत. तुमची कागदपत्रे नियमाप्रमाणे सहा महिन्यांनी नष्ट केली जातील. ती दोन वर्षे ठेवावीत असे वाटत असेल तर सोबतच्या संमतिपत्रावर सही करून पाठवा. तसे केल्यास येत्या फेब्रुवारीत आम्हीच विचारणा करू.

"म्हणजे दार उघडं ठेवायलासुद्धा अर्ज लागतो?" भावोजी म्हणाले. त्यांच्या आवाजात, पहिल्यांदाच, त्या देशाबद्दल आदर होता.

सिस्टरने चौकटीत खूण केली, सही केली आणि कागद त्याच संध्याकाळी पाठवला.

पुढच्या आठवड्यात दवाखान्यातून फोन आला: उजव्या गुडघ्यासाठी ऑक्टोबरची दहा तारीख चालेल का? भावोजी म्हणाले, "घरात विचारून कळवतो." सासूबाईंनी त्यांच्या हातातला फोन घेतला.

"चालेल," त्या म्हणाल्या. "पुढं ढकलू नका. आमच्या सुनेला मे महिन्यात जायचंय."