लाल स्वेटर आणि प्रूफ

प्रेसमध्ये सगळे त्यांना डोळेकाका म्हणत. पूर्ण छपाईआधी रंगाचं प्रूफ स्क्रीनशी ताडून बघायचं, हे त्यांचं काम. त्यांनी "ठीक" म्हटलं, की ती काळ्या दगडावरची रेघ. अंगात मात्र कायम राखाडी कपडे.

बायकोनं विणलेला लालभडक स्वेटर त्यांनी कामावर कधी घातला नाही. "त्याची झाक प्रूफवर पडते," ते सांगायचे. "सबबी सांगू नका, आवडला नाही म्हणा सरळ," ती फणकारायची.

ती वारल्यावर महिन्याभरानं ते कामावर आले, ते तोच स्वेटर घालून. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

पुस्तकाच्या कव्हरवर बाळाचा चेहरा होता. स्क्रीनवर गव्हाळ, प्रूफवर लालसर.

"लाली जास्त चढलीय, मॅजेंटा शाई कमी करा," ते कोरडेपणानं म्हणाले.

मशीनवाला घुटमळला. "काका, आधी स्वेटर काढून बघता का?"

त्यांनी काढला. प्रूफवरचं बाळही गव्हाळ झालं. मॅजेंटा कमी केला असता, तर सगळ्या प्रती हिरवट निघाल्या असत्या.

"छापा," म्हणत त्यांनी सही केली.

मशीन धडधडू लागलं. काका स्वेटरची घडी घालत उभे राहिले. सबब नव्हती, हे घरी गेल्यावर तिला सांगायला हवं, एवढंच त्यांच्या मनात आलं.