मान वळते, हूड वळत नाही

मी लिहायला बसलोय याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नाही. शाळा गाझियाबादला, हिंदीतून झाली. मराठी आहे ती घरातली, आई-पप्पांची. एखादा शब्द चुकला तर सांभाळून घ्या. पण जे सांगणार आहे त्याबद्दल माफी मागणार नाही. तेव्हाही मागितली नव्हती.

शेवटच्या वर्षाला असताना नोएडातल्या एका छोट्या वेबसाइटवर मला इंटर्न म्हणून घेतलं. तिथं वस्तू वापरून बघायच्या आणि कशा आहेत ते लिहायचं. बूट, बॅगा, हेल्मेट, पावसाळी जॅकेट. कंपन्या पाठवायच्या, आम्ही दहापैकी गुण द्यायचो. संपादक सर म्हणाले, पावसाळाभर नीट काम केलंस तर कायम करू. पप्पा दिल्लीत एका सरकारी कार्यालयात शिपाई आहेत. त्यांनी रविवारी बुद्धविहारात सगळ्यांना सांगून टाकलं, "पोरगा लिहितो, आणि लिहिण्याचा पगार मिळणार आहे." त्यानंतर विहारात जो भेटेल तो मला विचारायचा, झालं का कायम?

जुलैत एक मोहरीच्या फुलासारखं पिवळं जॅकेट आलं. खास दुचाकी चालवणाऱ्यांसाठी. सोबतच्या कार्डावर लिहिलं होतं की हूड हेल्मेटवरून बसतो.

आमच्या ऑफिसात जॅकेट तपासायची एक ठरलेली पद्धत होती. सर ते घालून बाथरूममध्ये शॉवरखाली उभे राहायचे, हात खाली सोडून, सरळ. बाहेर आले की आतला शर्ट दाखवायचे. त्या दिवशीही शर्ट कोरडा होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आमच्याकडे फोटो काढणाऱ्या ताई होत्या, दिल्लीतल्या मयूर विहार भागातल्या, मराठीच. त्यांनी ओल्या जॅकेटचा फोटो काढला.

मी घाबरत म्हणालो, "सर, पर स्कूटर पे हाथ नीचे नहीं रहते."

सर हसले. "तो ले जा भाई. चला के देख ले."

मी घेऊन गेलो. पप्पांच्या स्कूटरवरून घर ते ऑफिस, पाऊस असेल त्या प्रत्येक दिवशी. कापड चांगलं होतं, ते सांगायलाच हवं. शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली होती, तिथून कुठं गळलं नाही. गळलं ते बाकी सगळीकडून.

बाहीच्या तोंडाला नुसतं इलॅस्टिक होतं, आवळायला पट्टी नाही. हात हँडलवर पुढे गेले की बाही मागे सरकायची, मनगट उघडं पडायचं आणि वाऱ्यानं पाणी थेट आत. इलॅस्टिक एकदा भिजलं की वाळायचंच नाही. ऑफिसात टाइप करताना दोन्ही मनगटं गार. पुढची चेन फक्त वरून उघडणारी. स्कूटरवर बसलं की जॅकेट पोटाशी गोळा व्हायचं, मांडीवर खळगा पडायचा, त्यात पाणी साचायचं आणि चेनच्या खालच्या टोकातून पँटवर उतरायचं. चेन खालूनही उघडता आली असती तर पुढचा भाग दोन बाजूंना पसरला असता. आणि चेनला आतून झाकणारी पट्टीही नव्हती. चेन पकडायची कडी एवढीशी, ओल्या बोटांतून सुटणारी. खिसे कमरेशी. पाठीवरच्या बॅगेचा पट्टा बांधला की दोन्ही बंद. एक खिसा छातीशी होता, पण आतल्या बाजूला. म्हणजे फोन काढायचा तर भर पावसात छाती उघडायची.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. गुण कापले असते, भांडलो नसतो.

पण एका संध्याकाळी, उजवीकडे वळायच्या आधी मी मान मागे वळवली आणि मला मोहरीचा रंग दिसला. फक्त रंग. हेल्मेट आतल्या आत फिरलं होतं आणि हूड होता तिथंच राहिला होता. त्या रंगाच्या पलीकडून हॉर्न वाजला आणि एक टेम्पो माझ्या कोपराला वारा लावून गेला. मी बाजूला थांबलो. हूड मागे टाकला आणि मगच पुढे निघालो.

घरी आल्यावर पप्पांना जॅकेट-हेल्मेट घालून स्टँडवरच्या स्कूटरवर बसवलं.

"उजवीकडून मागे बघा. काय दिसतं?"

"पिवळं."

"अजून?"

"अजून पिवळं." मग हेल्मेटच्या आतून म्हणाले, "तुझी आई म्हणते ते खरंय. मला काही दिसतच नाही."

आई दारातून म्हणाली, "ते हेल्मेट नसतानाही."

मी हसलो, पण रात्री लिहायला बसलो तेव्हा हसू आलं नाही. हेच जॅकेट घालून पप्पा रोज मेट्रो स्टेशनपर्यंत गेले असते तर? मी चार गुण दिले. लिहिलं, हा हूड हेल्मेटवर घालून दुचाकी चालवू नका.

सरांनी वाचलं आणि मला बोलावलं. कंपनीची जाहिरात येणार होती. "ये हूडवाली लाइन निकाल. 'छोटी सी दिक्कत' लिख दे. सात दे."

"सर, आप एक बार बैठ के देखिए."

त्यांना ते अपेक्षित नसावं, मलाही नव्हतं. पण आले. पार्किंगमध्ये माझ्या स्कूटरवर बसले, जॅकेट घातलं, हूड चढवला. मी मागे उजवीकडे उभा राहिलो आणि हात वर केला. "सर, कितनी उंगलियाँ?"

ते बराच वेळ मान वळवत राहिले. शेवटी म्हणाले, "हाँ, थोड़ा नहीं दिखता."

"सर, थोड़ा नहीं. कुछ नहीं दिखता."

"फिर भी सात ही दे," म्हणून सर वर गेले. ताई जिन्यात उभ्या होत्या. वर जाताना मला हळूच म्हणाल्या, "अरे, सात देऊन मोकळा हो ना यार. जाहिरात त्यांची, साइट त्यांची. तू कशाला नोकरी घालवतोस?"

"ताई, तुम्ही स्कूटर चालवता?"

"मी मेट्रोनं येते."

"मग तुम्ही सात द्या."

त्यांना ते लागलं, दिसलं मला. तरी शब्द मागे घेतला नाही. सरांना सांगितलं, सात द्यायचे असतील तर खाली माझं नाव नको. ते म्हणाले, नाव नसेल तर पुढच्या महिन्यापासून यायचंही कारण नाही. मी जॅकेट घडी करून त्यांच्या टेबलावर ठेवलं. हूड वरच्या बाजूला येईल असं.

घरी पप्पांना सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "खोटं लिहिलं नाहीस ना?"

"नाही."

"मग विहारात मी बघतो काय सांगायचं ते."

पुढच्याच रविवारी त्यांनी सांगितलं. आवाज तोच, मोठा. "पोरगा लिहितो. कायम नाही झाला. खोटं लिही म्हणाले, नाही लिहिलं."

लेख छापून आला तेव्हा त्यात सात गुण होते, खाली दुसऱ्याच कुणाचं नाव होतं आणि हूडबद्दल एक शब्द नव्हता. मी तो वाचला आणि दुसरीकडे अर्ज करत राहिलो.

परवा ताईंचा मेसेज आला. त्याच कंपनीचं नवीन जॅकेट फोटोसाठी आलंय. मी सोडलं तेव्हा कंपनीच्या डिझाइनवाल्या बाईंना ताईंनी माझा न छापलेला लेख पाठवला होता, कुणाला न सांगता. चेन आता खालूनही उघडते. खिसे छातीवर आलेत, बाहेरून. बाहीला मात्र तेच इलॅस्टिक आहे. हूडला मागून आवळायची पट्टी दिलीय.

खाली एक ओळ होती. "हूड वळतो. ऑफिसच्या गार्डच्या बाइकवर मी स्वतः बसून पाहिलं."