दहा वर्षं पूर्ण झाल्याबद्दल

आमच्या कंपनीत कोणाची नोकरीची पाच, दहा वर्षं भरली की अभिनंदनाचा संदेश मी लिहायची. माणसं मनिलापासून मेक्सिकोपर्यंत पसरलेली, म्हणून संदेश आधीच लिहून ठेवायचा आणि ज्याच्या-त्याच्या देशात सकाळचे नऊ वाजले की तो सगळ्यांच्या ग्रुपवर आपोआप पडायचा. निगडीच्या फ्लॅटमध्ये बसून मी जगभर गोड बोलत असे. पगारच त्याचा होता.

चाकणजवळच्या एका गावातून काम करणारा आमचा एक इंजिनिअर होता. कारखान्यांतल्या मशीनवरचं आमचं सॉफ्टवेअर अडलं की सगळे त्यालाच गाठत. त्याची दहा वर्षं सोमवारी भरत होती, आणि सोमवारीच त्याला काढायचं ठरलं. गुरुवारी जर्मनीतल्या माझ्या बॉस मॅडमनी मला हे सांगितलं. मी म्हटलं, निदान संदेश तरी थांबवते. त्या म्हणाल्या, "नको. सगळ्यांना येतो, त्याला आला नाही तर त्याला आधीच संशय येईल."

रद्द करायला एक बटण दाबायचं होतं. मी दाबलं नाही. मला माझी नोकरी प्यारी होती, उगाच दुसरं कारण कशाला सांगू?

सोमवारी नऊला संदेश गेला. 'तुमच्याशिवाय या टीमची कल्पनाच करवत नाही,' असं मीच लिहिलं होतं. मनिलावाले जागेच होते, त्यांनी टाळ्या, केक, फुगे पाठवले. हा बिचारा एकेकाला नाव घेऊन उत्तर देत बसला. मला वेगळं कळवलं, "ताई, वडिलांना मराठीत करून वाचून दाखवलं. शेजाऱ्यांना पेढे वाटायला निघालेत."

दीड वाजता, म्हणजे जर्मनीत दहाला, त्याला कॉलवर घेतलं. सात मिनिटांत आटोपलं आणि त्याचं कंपनीतलं खातं बंद झालं.

पण बाकीच्यांना दुसऱ्या दिवसापर्यंत सांगायचं नाही, असा हुकूम होता. साडेचारला ब्राझील कामावर आलं, 'अजून दहा वर्षं!' म्हणालं. साडेसहाला मेक्सिको उठलं. तिथल्या एकाने लिहिलं, 'मित्रा, उत्तर देत नाहीस, पार्टीत आहेस वाटतं?' त्यावर चौघे हसले. मी गप्प बसून बघत होते. स्वतःची किळस आली, तरी बघत होते.

सातला त्याचा फोन आला. आवाज बसलेला.

"ताई, तुमाला ठाव हुतं का?"

"नाही रे," मी म्हटलं. "मलाही आत्ताच कळलं."

तो म्हणाला, "वाटलंच मला. दुपारपासनं डोस्क्यात तेच घोळत हुतं, की ताईंनी लिव्हलंय ते तरी खरं हाय. वडलांनाबी तेच सांगितलं."

मी "हो" म्हटलं. तो मला थँक्यू म्हणाला.