सरांच्या आवाजात

नऊ वर्षं मी एका माणसाच्या आवाजात लिहिलं, आणि शेवटी शेवटी त्या माणसाचं नाक कापलं जावं असं मला अगदी मनापासून वाटायचं. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढे कुणाला मी गरीब गाय वाटायची.

कंपनी वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत. मसाले, पिठं, फरसाण पाकिटात भरायची मशीनं बनवणारी. घरचाच कारभार: वडील चेअरमन, म्हणजे मोठे सर, मुलगा डायरेक्टर, म्हणजे सर, आणि मी सरांची एक्झिक्युटिव्ह असिस्टंट. निर्मळ गावातल्या घरून स्कूटरने रेल्वेचा पूल ओलांडून साडेनऊला टेबलाशी. सरांच्या मेलबॉक्समधून मेल पाठवायचा अधिकार मला दिलेला होता. मी पाठवलेला मेल त्यांच्या नावानेच जायचा, माझं नाव त्यावर कुठेच नसायचं.

रुजू झाले तेव्हा पहिले दोन आठवडे मी फक्त त्यांचे जुने मेल वाचले. वहीत टिपणं काढली. तीन ओळींच्या वर लिहीत नाहीत. ‘कृपया’ कधीच नाही. नकार द्यायचा असला की ‘सध्या जमणार नाही’, त्यातलं ‘सध्या’ महत्त्वाचं. चिडले की शेवटचं ‘रिगार्ड्स’ गळतं. मेल सगळे इंग्रजीत, पण त्या इंग्रजीलाही त्यांची चाल होती आणि ती मी उचलली. सर फोनवर चार शब्द फेकायचे, मी मसुदा ड्राफ्ट्समध्ये ठेवायचे, ते मोबाइलवर नजर टाकून फोनवर म्हणायचे, “जाऊ दे.” की गेला.

त्या चालीत मी हळूहळू माझी भर घातली. कोइम्बतूरला मसाल्यांचा कारखाना असलेले एक वयस्कर गृहस्थ आमचे जुने ग्राहक. त्यांचा गुडघा दुखायचा, पत्नी आजारी असायची. सर हे कधी विचारायचे नाहीत. मी विचारायचे, त्यांच्या तीन ओळींतली एक खर्चून. एका प्रदर्शनात त्या गृहस्थांनी सरांचा हात धरून म्हटलं, तुमचे मेल माणसाने लिहिल्यासारखे असतात. सर हसले. मी शेजारीच फायली धरून उभी होते.

मग त्यांच्या एका मशीनचं सीलिंग बिघडलं, पाकिटं गळायला लागली. त्यांनी तीनदा लिहिलं. सर वैतागले आणि फोनवरून म्हणाले, “त्यांना लिही, मशीन चालवता येत नसेल तर परत पाठवा.” मी मऊ करून लिहिलं. सर ओरडले, “मी सांगितलं तसं लिही. शब्द बदलू नकोस.” मी तसं लिहिलं. “जाऊ दे,” ते म्हणाले. गेला.

दुसऱ्या दिवशी त्या गृहस्थांनी थेट मोठ्या सरांना फोन केला. मोठ्या सरांनी मुलाला केबिनमध्ये बोलावलं, आणि काचेच्या दाराआडून मला ऐकू आलं, “तो मेल माझा नाही, पप्पा. तिने परस्पर पाठवला.” सगळी मंजुरी तोंडी, त्यामुळे माझ्या हातात काहीच नव्हतं. अकाउंट्सपासून डिस्पॅचपर्यंत तासाभरात सगळ्यांना कळलं की मी ग्राहकांना उद्धटपणे लिहिते.

सर एवढ्यावर थांबले नाहीत. केबिनमधून बाहेर आले आणि सवयीने मलाच म्हणाले, “माफीचा मेल ड्राफ्ट कर. माझ्या असिस्टंटने मला न विचारता पाठवला, तिला ताकीद दिली आहे, यापुढे माझा एक शब्दही ती बदलणार नाही, असं.”

स्वतःच्या बदनामीचा मेल मी त्यांच्या आवाजात लिहिला. तीन ओळी. नऊ वर्षांत इतका हुबेहूब मेल मी लिहिला नव्हता. त्यांनी वाचला, म्हणाले, “परफेक्ट.” त्या दिवशी घरी जाताना मला रडू आलं नाही, एवढंच सांगते. भुईगावच्या किनाऱ्यावर स्कूटर लावून मी तासभर बसले आणि या माणसाला कसं संपवायचं याचाच विचार केला.

उपाय त्यांनीच दिलेला होता. एक शब्दही बदलायचा नाही.

दुसऱ्या दिवसापासून सर जे बोलतील ते जसंच्या तसं टाइप केलं. स्पेलिंग सुधारलं, बाकी काही नाही. आणि प्रत्येक मसुद्यामागे त्यांना छोटा मेल: असाच पाठवू का? सुरुवातीला ते कुरकुरले. मी म्हटलं, “मागच्यासारखा गैरसमज नको, सर.” मग ‘ओके’ यायला लागलं. प्रत्येक ‘ओके’ मी प्रिंट काढून फाइलला लावला. मला त्यात मजा येत होती, हे लपवत नाही. नागपूरच्या डीलरला ‘तुमची अडचण माझी अडचण नाही’ असं गेलं. पुण्याच्या पुरवठादाराला ‘वेळ वाया घालवू नका’. सरांना काही वावगं दिसलं नाही, कारण आपण असेच आहोत असं त्यांना वाटायचं, आणि मेलमधून लोकांना आवडायचं ते दुसरंच कुणीतरी, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

तीन महिन्यांनी कोइम्बतूरच्या गृहस्थांची पत्नी गेली. सर विमानतळावर होते. फोनवर म्हणाले, “लिही, पत्नी गेल्याचं कळलं, वाईट झालं. दोन मशीनच्या ऑर्डरचं या आठवड्यात कळवा, जास्त थांबता येणार नाही.”

मी विचारलं, “एकाच मेलमध्ये, सर?”

“मग काय दोन पाठवणार?”

मी टाइप केलं. असाच पाठवू का? ओके. पाठवायच्या बटणावर माझं बोट थांबलं. सांत्वनाच्या ओळी मला येत होत्या, त्या बाईंच्या आजारपणाचा सगळा इतिहास मला माहीत होता. पण मी बटण दाबलं. त्या दुखावलेल्या माणसाला माझ्या सुडाचा फटका बसला, याची मला आजही लाज वाटते. सरांबद्दल वाटत नाही.

ऑर्डर रद्द झाली. मोठ्या सरांनी आम्हा दोघांना बोलावलं. मेलची प्रत टेबलावर होती.

“हे कुणी लिहिलं?”

“हिने,” सर म्हणाले, पापणीसुद्धा न लववता.

मी फाइल पुढे सरकवली. वर तारीख, खाली मसुदा, त्याखाली ‘ओके’. मोठ्या सरांनी पानं उलटली. नागपूर, पुणे, सगळं वाचलं. सरांचा चेहरा उतरत गेला आणि मी तो पोटभर पाहून घेतला.

मग मोठे सर माझ्याकडे वळले. “असा मेल जायला नको, हे तुला कळत होतं ना?”

“हो.”

“मग?”

“एक शब्दही बदलायचा नाही, असं सरांनी लेखी कळवलंय. ग्राहकाला.” शेवटचं पान मी उलटून दाखवलं. तो माफीचा मेल होता, मीच लिहिलेला, त्यांच्या आवाजातला.

मोठ्या सरांनी फाइल मिटली. मग मुलाला म्हणाले, “माफी तू लिहायची. स्वतः. तिने हात लावायचा नाही. आणि मशीन परत पाठवा म्हणणारा तो आधीचा मेल कुणाचा होता, तेही त्यात येऊ दे.”

दुपारी अडीचपासून सर केबिनमध्ये बसले. काचेतून दिसत होतं, दोन ओळी लिहायचे, पुसायचे. साडेपाचला दार उघडून बाहेर आले. माझ्याशी त्या आवाजात ते आधी कधी बोलले नव्हते.

“ऐक ना. अशा वेळी मी काय लिहितो?”

मला सगळं तोंडपाठ होतं. पहिला शब्द कुठला, बाईंचं नाव कुठे घ्यायचं, कुठे थांबायचं.

“तुमचा आवाज आहे, सर,” मी म्हटलं, “मला कसं माहीत असणार?” आणि कॉम्प्युटर बंद केला.