मंगळ्याचं दुखणं

मी स्टेथॉस्कोप धोंडूच्या पाठीला लावला आणि धोंडू उडाला. नुसता उडाला नाही, जाताना टेबलही घेऊन गेला. टेबलावर एरंडेलाची बाटली होती, ती माझ्या धोतरावर रिकामी झाली. बाहेरून आमच्या कंपाउंडरने, भिकाजीपंतांनी, सवयीने हाक दिली, "पुढचा!"

ही गोष्ट प्लेग यायच्या आधीची, माझ्या लालबागच्या दवाखान्यातली. धोंडू गिरणीत साच्यावर काम करायचा, म्हणजे मागावर. वय पंचविशीचं. मालवणकडचा, तालमीत घुमणारा गडी. दोन माणसं दोन काखांत धरून चालला असता. त्या दिवशी मात्र तो कोपऱ्यात उकिडवा बसून माझी माफी मागत होता.

महिनाभरात तो चौथ्यांदा आला होता. पहिल्यांदा पोट दुखत होतं, मी एरंडेल दिलं. मग दाढ दुखत होती, ती मी काढली. दाढ ठणठणीत होती, हे काढल्यावर कळलं. मग झोप येत नव्हती, त्यावर कडू टॉनिक दिलं. आता पाठ. माझ्या हुशारीवर माझा भारी विश्वास होता, त्यामुळे विचार करायची वेळ आलीच नव्हती. ती आता आली.

"मागून कुणी आलं की असं होतं का?" मी विचारलं.

त्याने नजर जमिनीकडे वळवली. मग म्हणाला, "माका नाय, डॉक्टरांनू. माझ्या एका मित्राक होता तसा."

एवढ्यात भिकाजीपंत रजिस्टर घेऊन आत आले. पन्नाशीचे गृहस्थ, आवाज असा की ज्याला मूळव्याध आहे त्याची बातमी परळपर्यंत जायची. दवाखान्याचा नियम त्यांनीच केला होता: रोगी हजर पाहिजे आणि रजिस्टरात नाव पाहिजे.

"मित्राचं नाव?"

धोंडूने भिंतीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. वार मंगळवार होता. "मंगळ्या."

"राहतो कुठे?"

"माझ्याच खोलीत."

"मग आणा त्याला."

"तो येता," धोंडू म्हणाला, "पण लोकांक दिसणा नाय."

भिकाजीपंतांनी माझ्याकडे पाहिलं, जणू विचारत होते, रुग्ण आता वेड्यांच्या इस्पितळात पाठवायचा का. मी म्हटलं, "लिहा मंगळ्या. आणि बाहेर खलात जरा औषध कुटा."

"कुठलं औषध?"

"कुठलंही. आवाज झाला पाहिजे."

आमच्या दवाखान्यात आत आणि बाहेर यांच्यामध्ये एक पडदा होता, त्यालाही भोक होतं. त्या पडद्यामागे एवढे दिवस मी लोकांना 'काय होतंय, मोकळेपणाने सांगा' म्हणत आलो, याची मला लाज वाटली. खलबत्ता सुरू झाला, तेव्हा कुठे धोंडू बोलायला लागला.

मंगळ्या मुकादमाच्या खोलीत राहायचा. गिरणीत मुकादमच कामावर घेतो आणि मुकादमच काढतो, खोलीतली पथारीही त्याचीच. त्या मुकादमाने मंगळ्यावर जबरदस्ती केली होती. एकदा नाही. धोंडूने ते तीन-चार शब्दांत सांगितलं, मी पाचवा विचारला नाही.

कॉलेजात आम्हाला यावर एक प्रकरण होतं. ते सगळं कोर्टासाठी, पुरावा कसा तपासायचा आणि माणूस खोटं बोलतोय का हे कसं पकडायचं. समोर बसलेल्या माणसाशी काय बोलावं यावर एक ओळ नव्हती. म्हणून मी आधी एवढंच म्हटलं, "मंगळ्या खरं बोलतोय. आणि चूक त्याची नाही."

धोंडूला ते पटेना. "तो पैलवान आसा, डॉक्टर. त्याने हाणूक नको?"

"भीतीने अंग गोठतं. तुमच्या गावात साप पुढ्यात आला की पैलवान काय करतो?"

"उभो रवता."

"मग?"

तो मान वळवून, अगदी हळू आवाजात म्हणाला की मंगळ्याचं अंग एकदा भलतंच वागलं. म्हणजे त्यालाही ते हवं होतं का? तो आता पुरुष राहिला का? गावाला त्याचं लग्न ठरतंय.

"कांदा चिरला की डोळ्यांत पाणी येतं," मी म्हटलं. "कुणी मेलेलं नसतं. अंग आपलं आपण वागतं, मनाला विचारत नाही. मंगळ्या होता तेवढाच पुरुष आहे. लग्न खुशाल करू दे."

इथवर मी बरा वागलो. मग मला राग आला आणि मी घाण केली. उठून म्हणालो, "उद्याच मॅनेजरकडे जातो. पोलिसात देतो त्या हरामखोराला."

धोंडू पडद्यापाशी पोहोचला होता. "मंगळ्या मेलो असा समजा," तो म्हणाला.

बरोबरच होतं त्याचं. सगळी चाळ हसणार, पोलीस विचारणार 'तू तिथे का राहिलास', गावात पत्र जाणार. एका माणसाने त्याला न विचारता त्याचं काहीबाही केलं होतं, आता तेच मी करायला निघालो होतो, उपकार म्हणून. मी खाली बसलो. एरंडेल अजून धोतरातून गळत होतं.

"चुकलो," मी म्हटलं. "तो म्हणेल तेच होईल, आणि तो म्हणेल तेव्हा. मंगळ्याला काय हवंय?"

हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. पडद्यापासून मागे वळून तो म्हणाला, "दुसरीकडे पथारी."

त्याचा चुलतभाऊ घोडपदेवला राहायचा. कारण न सांगता तिथे जाता येत होतं. भायखळ्याच्या एका गिरणीत माणसं भरणारा जॉबर माझा पेशंट होता, त्याला मी साच्यावरचा चांगला माणूस पाहिजे का एवढंच विचारलं. पंधरा दिवसांत दोन्ही झालं.

पुढे दर मंगळवारी धोंडू यायचा आणि मंगळ्याची खबर द्यायचा. मी औषध देत नव्हतो. ऐकत होतो, आणि तपासायचं झालं तर समोरून, आधी विचारून. मंगळ्या कधी बरा असायचा, कधी दार आपटलं तरी रात्रभर जागा. सरळ रेषेत कुणी बरं होत नाही, हे मी त्याच्याकडून शिकलो. बाहेर भिकाजीपंत अर्धा अर्धा तास रिकामा खल कुटायचे. रांगेतल्या लोकांना वाटे आत काही जालीम औषध बनतंय. दोघा-तिघांनी 'ते मंगळवारचं द्या' म्हणून हट्टच धरला. मी त्यांना बडीशेपेचं पाणी दिलं, त्यांना गुणही आला.

एका मंगळवारी धोंडू म्हणाला, "मंगळ्यान भावाक सांगितल्यान. सगळा नाय, थोडा. भाऊ हसलो नाय. आता रात्री माका झोप लागता."

स्वतःचेच शब्द ऐकून तो थांबला. मी मान वर न करता लिहीत राहिलो. थोड्या वेळाने त्याने आणखी एक वाक्य 'मी' म्हणून सांगितलं, मग आणखी एक.

मुकादमाचं काही झालं नाही. तो त्याच गिरणीत राहिला, याचा मला आजही संताप येतो. पण गावाहून आलेला एक नवा गडी त्याच्या खोलीवर जाणार होता, त्याला धोंडू स्वतःहून घोडपदेवला घेऊन गेला. मला हे नंतर कळलं.

त्या वर्षअखेरीची एक दुपार. रांग संपली होती. भिकाजीपंत आत आले, पडदा ओढला आणि रोग्याच्या स्टुलावर बसले. पंधरा वर्षांत ते तिथे कधी बसले नव्हते. त्यांचा आवाज मला पहिल्यांदा बारीक ऐकू आला.

"डॉक्टर, माझाही एक मित्र आहे. गोष्ट फार जुनी आहे."

मी म्हटलं, "असू दे. नियम मोडू आपण, त्याला आणायची गरज नाही."

ते एकदम म्हणाले, "नाव लिहायचं का?"

"नको," मी म्हटलं, आणि रजिस्टर मिटून उठलो, दवाखान्याचं दार आतून लावायला.